वास एकच, रेणू दोन

बाटलीवर चिठ्ठी नाही. आत बिनरंगाचं तेल आहे आणि झाकण उघडताच बडीशेपेचा वास येतो. घरातलं कुणीही डोळे मिटून सांगेल की ही बडीशेप आहे. रसायनशास्त्रज्ञाला मात्र एवढ्यावर भागवता येत नाही, कारण हा गोडसर वास देणारे निदान दोन रेणू निसर्गात आहेत. एक बडीशेपेच्या तेलाचा मुख्य घटक. दुसरा सब्जाच्या काही जातींमध्ये भरपूर सापडतो. दोघांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू अगदी तेवढेच, वजन तेच आणि वासही जवळजवळ तोच. फरक फक्त एका दुहेरी बंधाच्या जागेचा. पण या फरकाला महत्त्व आहे: उंदरांवरच्या प्रयोगांत दुसऱ्या रेणूमुळे यकृतात गाठी झाल्याचं दिसलं, म्हणून युरोपीय संघात तो शुद्ध स्वरूपात खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. तेव्हा बाटलीत नेमकं कोण आहे, हे नाकावर सोडून चालत नाही.

सुरुवात सूत्रापासून होते. वस्तुमान वर्णपटावरून रेणुभार १४८ निघतो आणि सूत्र C₁₀H₁₂O. हे सूत्र वरवर मुकं वाटतं, पण त्यात एक हिशेब दडलेला आहे. दहा कार्बनांची साधी, एकेरी बंधांची उघडी साखळी असती, तर तिला २२ हायड्रोजन लागले असते. इथे १२ आहेत, म्हणजे दहा कमी. प्रत्येक दुहेरी बंध किंवा प्रत्येक बंद कडं दोन हायड्रोजन खातं, म्हणजे अशा पाच गोष्टी या रेणूत हव्यात. बेंझिनचं कडं एकटंच चार घेतं (एक कडं आणि तीन दुहेरी बंध). मग उरतो एक. तो कुठे आहे, हाच पुढचा सगळा खेळ.

तो एक उरलेला बंध कार्बन-ऑक्सिजनचा असू शकतो, म्हणजे कार्बोनिल. तसं असेल तर रेणू कीटोन किंवा अल्डिहाइड ठरेल. किंवा तो दोन कार्बनांमधला असेल. हा पहिला फाटा इन्फ्रारेडने सुटतो, आणि त्याला पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

अणूंमधला बंध ताठ काडीसारखा नसतो. तो सतत ताणला-आखडला जात असतो, दोन टोकांना वजनं बांधलेल्या स्प्रिंगसारखा. स्प्रिंग कडक आणि वजनं हलकी असली की थरथर जलद होते. प्रत्येक प्रकारच्या बंधाची थरथरण्याची आपली चाल असते आणि त्या चालीशी जुळणारा अवरक्त प्रकाश आला की बंध तो शोषून घेतो. यंत्र ४००० पासून ४०० पर्यंतचा पट्टा तपासतं. हे आकडे म्हणजे एका सेंटीमीटरात मावणाऱ्या लाटांची संख्या. पूर्वी तेलाचा थेंब मिठाच्या दोन पारदर्शक चकत्यांमध्ये दाबून धरत, कारण काच या प्रकाशाचा बराच भाग अडवते आणि मीठ अडवत नाही. त्या चकत्यांना ओलं बोट लागलं तरी त्या धुरकट होत, आणि प्रयोगशाळेत त्यावरून बोलणी बसत. आता बहुतेक ठिकाणी हिऱ्याच्या इवल्याशा स्फटिकावर थेंब ठेवला की काम होतं.

आपल्या तेलाचा वर्णपट समोर आला की सवयीचा माणूस आधी काय नाही ते बघतो. ३२०० ते ३६०० च्या टापूत अल्कोहोल किंवा फिनॉलचा ओ-एच बंध रुंद, लोंबती दरी काढतो. इथे तिथे सपाट आहे. १६८० ते १७५० च्या आसपास कार्बोनिलचा पीक येतो, बहुधा वर्णपटातला सगळ्यात ठसठशीत. तोही नाही. न दिसलेल्या पीकवर इतका भरवसा ठेवायचा का, असं नवख्याला वाटतं. कार्बोनिलच्या बाबतीत ठेवायचा, कारण तो बंध थरथरताना रेणूतल्या विद्युतभाराची वाटणी फार बदलते आणि म्हणून शोषण जबरदस्त होतं. तो असता तर दिसलाच असता. उलट, सारख्याच गटांनी वेढलेल्या दोन कार्बनांमधला दुहेरी बंध कधीकधी इतका फिका दिसतो की त्याच्या गैरहजेरीवरून काहीच सिद्ध होत नाही. गैरहजेरी पुरावा ठरते की नाही, हे कोण गैरहजर आहे त्यावर असतं.

म्हणजे ऑक्सिजन ना ओ-एचमध्ये आहे, ना कार्बोनिलमध्ये. मग राहिला ईथर: दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला ऑक्सिजन. १२४७ आणि १०३७ च्या आसपासचे दोन मोठे पीक त्याला दुजोरा देतात; बेंझिनच्या कड्याला चिकटलेल्या मिथॉक्सी गटाचे हे नेहमीचे ठसे. १६०८ आणि १५१० चे पीक कड्याचे. ८४० च्या जवळचा पीक सुचवतो की कड्यावर दोन गट समोरासमोर, पॅरा स्थानी बसले असावेत. आणि ९६५ ला एक नीटस पीक आहे. दुहेरी बंधाच्या दोन बाजूंचे हायड्रोजन एकमेकांच्या विरुद्ध दिशांना, ट्रान्स, असतील तर तो इथे येतो. दुहेरी बंध साखळीच्या अगदी टोकाला असता, तर ९९५ आणि ९१५ च्या जवळ पीकची जोडी दिसली असती.

मंडळी इथेच थांबायची घाई करतात. पण १५०० च्या खालचा भाग गर्दीचा असतो. तिथे एखादा पीक योग्य जागी दिसला म्हणून तो आपण समजतो त्याच बंधाचा असेल, याची खात्री नसते. इन्फ्रारेडकडून कुठले गट आहेत आणि कुठले नाहीत एवढं घ्यावं. कोण कोणाच्या शेजारी आहे, हे विचारायला दुसरं यंत्र लागतं.

ते दुसरं यंत्र म्हणजे एनएमआर. हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, एक चिमुकलं चुंबक असतं. मोठ्या चुंबकात ठेवलं की ते त्या क्षेत्राच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहतं, आणि एका अवस्थेतून दुसरीत जायला त्याला ठरावीक रेडिओलहर लागते. आजूबाजूचे इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्राला थोडे अडवतात, त्यामुळे रेणूतल्या वेगवेगळ्या जागांवरच्या प्रोटॉनना किंचित वेगवेगळी लहर लागते. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी साध्या इथाइल अल्कोहोलचे तीन वेगळे उंचवटे दाखवले, आणि रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे यंत्र आपल्या कामाचं आहे. त्यातले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे एनएमआरचं काम उभं केलं.

आता आपलं तेल. पाचदहा मिलिग्रॅम तेल अर्ध्या-पाऊण मिलिलिटर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवायचं, पण हा क्लोरोफॉर्म हायड्रोजनऐवजी ड्युटेरियमचा, म्हणजे द्रावकाचेच प्रोटॉन सगळं झाकून टाकणार नाहीत. बारीक काचनळीत भरून ४०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात सोडायचं. कागदावर सहा ठिकाणी पीक येतात. प्रत्येकाखालचं क्षेत्रफळ तिथे किती हायड्रोजन आहेत ते सांगतं. १.८७ पीपीएमला तीन, ३.८० ला तीन, ६.१० ला एक, ६.३६ ला एक, ६.८४ ला दोन आणि ७.२६ ला दोन. बेरीज बारा. सूत्राशी हिशेब जुळला.

३.८० ची रेघ एकटी, न फुटलेली आहे, म्हणजे सिंगलेट. तीन हायड्रोजन आणि शेजारी कुणी नाही. या जागेवर, एवढ्या क्षेत्रफळाचा सिंगलेट म्हणजे ऑक्सिजनला जोडलेला मिथाइल. इन्फ्रारेडने ईथर सांगितलं होतंच. ६.८४ आणि ७.२६ च्या दोन-दोन हायड्रोजनांच्या जोड्या बेंझिनच्या कड्यावरच्या. कड्यावर चारच हायड्रोजन आणि तेही असे समान जोड्यांत, म्हणजे दोन गट समोरासमोर आहेत. शिवाय ६.८४ ही जागा बेंझिनसाठी बरीच खाली आहे, साधं बेंझिन ७.३ च्या आसपास येतं. ऑक्सिजन कड्यात इलेक्ट्रॉन ढकलतो आणि आपल्या लगतच्या प्रोटॉनना जास्त झाकतो. म्हणजे ऑक्सिजन थेट कड्यावर बसलेला आहे.

मिथॉक्सी गट आणि चार हायड्रोजनांचं कडं वजा केल्यावर उरतात तीन कार्बन, पाच हायड्रोजन आणि एक दुहेरी बंध. हे तीन कार्बन कसे जोडायचे? शक्यता तीन. दुहेरी बंध कड्याला लागून आणि टोकाला मिथाइल. किंवा दुहेरी बंध पार टोकाला आणि कड्याला लागून सीएच-टू, हाच तो सब्जातला रेणू. किंवा मधल्याच कार्बनावर फांदी. शिवाय एक चौथा, जरा खट्याळ पर्याय: मिथाइल कड्यावर आणि मिथॉक्सी गट दुहेरी बंधाच्या टोकाला. त्याचंही सूत्र C₁₀H₁₂O च आणि त्यातही तीन-तीन हायड्रोजनांचे दोन गट, दोन एकटे हायड्रोजन आणि चौघांचं कडं. क्षेत्रफळांच्या आकड्यांवरून तो वेगळा काढताच येत नाही. म्हणूनच पीक कसे फुटतात ते बघावं लागतं.

प्रोटॉनच्या शेजारच्या कार्बनवर दुसरा प्रोटॉन असेल तर तो शेजारीही एक चुंबक आहे. सुमारे अर्ध्या रेणूंमध्ये तो मोठ्या क्षेत्राच्या बाजूने उभा असतो आणि त्यात किंचित भर घालतो. उरलेल्या अर्ध्यांत उलटा उभा राहून किंचित घट करतो. त्यामुळे पहिल्या प्रोटॉनची रेघ दोन सारख्या रेघांत फुटते. याला डब्लेट म्हणतात. शेजारी तीन सारखे प्रोटॉन असतील, जसे मिथाइलमध्ये, तर त्यांच्या उभं राहण्याच्या आठ तऱ्हा होतात. तिघेही बाजूने, एकच तऱ्हा. दोन बाजूने आणि एक उलट, तीन तऱ्हा. एक बाजूने आणि दोन उलट, पुन्हा तीन. तिघेही उलट, एक. म्हणून चार रेघा, उंची १:३:३:१, म्हणजे क्वार्टेट. शेजारी जितके, त्याहून एक जास्त रेघा, हा नियम यातूनच येतो. रेघांमधलं अंतर हर्ट्‌झमध्ये मोजतात, आणि ते दोघा शेजाऱ्यांचं एकमेकांशी असलेलं नातं असल्याने दोघांच्या पीकमध्ये तेच असतं. चुंबक बदलला तरी ते बदलत नाही.

आपल्या १.८७ च्या मिथाइलकडे बघा. तो डब्लेट आहे, रेघांमध्ये ६.६ हर्ट्‌झ. म्हणजे त्याला एकच हायड्रोजन असलेला शेजारी आहे. इथे चौथा पर्याय बाद झाला, कारण कड्यावर बसलेल्या मिथाइलला लगतच्या कार्बनवर हायड्रोजनच नसतो. तो सिंगलेट आला असता, आणि तोही २.३ च्या आसपास. फांदीचा पर्यायही बाद, तिथेही मिथाइलच्या शेजारच्या कार्बनवर हायड्रोजन नाही. आणि सब्जातल्या रेणूत उजवीकडचा, टोकाचा मिथाइलच नाही. त्याच्या वर्णपटात ३.३ च्या जवळ दोन हायड्रोजनांचा डब्लेट, पाचाच्या आसपास टोकाच्या दुहेरी बंधाचे दोन हायड्रोजन आणि ५.९५ ला एक गुंतागुंतीचा पीक आला असता. आपल्या कागदावर ३.३ आणि पाचाच्या आसपास काही नाही.

राहिला ६.१० चा एकटा हायड्रोजन, जो या सगळ्याच्या मधोमध बसलेला आहे. त्याच्या एका बाजूला मिथाइलचे तीन प्रोटॉन, दुसऱ्या बाजूला दुहेरी बंधापलीकडचा एक. त्यामुळे त्याचा पीक आधी दोन भागांत फुटतो आणि मग प्रत्येक भागाचा क्वार्टेट होतो. एकूण आठ रेघा. पण कागदावर दोन क्वार्टेट शेजारी शेजारी नीट मांडलेले दिसत नाहीत, ते एकमेकांत घुसतात. डावीकडच्या पहिल्या रेघेपासून मोजलं तर रेघा ०, ६.६, १३.२, १५.८, १९.८, २२.४, २९.० आणि ३५.६ हर्ट्‌झवर येतात. पहिल्या क्वार्टेटची शेवटची रेघ १९.८ ला आहे आणि दुसऱ्याची पहिली १५.८ ला, म्हणजे मधल्या दोन बारक्या रेघांनी एकमेकींना ओलांडलंय. हे सोडवायची सोपी युक्ती म्हणजे सगळ्या पीकची रुंदी मोजायची: ३५.६. त्यातून क्वार्टेटची रुंदी, म्हणजे तीन वेळा ६.६, वजा केली की उरतात १५.८ हर्ट्‌झ. तोच १५.८ चा आकडा ६.३६ च्या पीकमध्ये दोन रेघांमधल्या अंतरात सापडतो, आणि ६.६ चा आकडा मिथाइलमध्ये सापडलेलाच आहे. दोन्ही बाजूंचे हात जुळले. ६.३६ च्या रेघा बारकाईने पाहिल्या तर आणखी १.६ हर्ट्‌झने किंचित फुटलेल्या असतात. ते लांबच्या मिथाइलचं काम, आणि मिथाइलच्या डब्लेटमध्येही तोच १.६ दिसतो.

१५.८ हा आकडा नुसतं शेजारपण सांगून थांबत नाही. शेजारच्या दोन हायड्रोजनांमधला कोन बदलला की हे अंतर बदलतं, हे मार्टिन कार्प्लस यांनी १९५९ मध्ये गणिताने मांडलं. दुहेरी बंध वळत नाही, म्हणून हायड्रोजन एकतर एकाच बाजूला अडकलेले असतात किंवा विरुद्ध बाजूंना. विरुद्ध असतील तर अंतर साधारण १२ ते १८ हर्ट्‌झ, एकाच बाजूला असतील तर ६ ते १२. आपला आकडा निःसंदिग्ध ट्रान्स आहे. इन्फ्रारेडमधला ९६५ चा पीक हेच सुचवत होता, पण त्या गर्दीतल्या पीकवर विसंबायचं धाडस आता करायची गरजच उरली नाही.

तर बाटलीत ट्रान्स-ॲनेथॉल आहे, बडीशेपेतला रेणू. दुजोरा हवा असेल तर बाटली फ्रिजमध्ये ठेवावी: शुद्ध ॲनेथॉल २१ अंश सेल्सिअसच्या आसपासच गोठतं आणि पांढऱ्या स्फटिकांचा गोळा होतं.

आता जिथे ठेच लागते त्या जागा. ॲनेथॉलच्या कड्यावरचा एक डब्लेट नेमका ७.२६ ला येतो, आणि क्लोरोफॉर्ममध्ये ड्युटेरियम न झालेला जो थोडासा अंश उरतो, त्याची रेघही ७.२६ लाच. त्यामुळे तिथलं क्षेत्रफळ फुगतं, दोनऐवजी अडीच वगैरे येतं, आणि कुणीतरी बेरीज बाराऐवजी साडेबारा धरून डोकं खाजवत बसतं. अशा वेळी क्षेत्रफळाचा मापदंड ३.८० च्या सिंगलेटवर लावावा, किंवा द्रावक बदलून पाहावा.

दुसरी अडचण यंत्राच्या ताकदीची. ६.१० आणि ६.३६ यांच्यात ४०० मेगाहर्ट्‌झवर सुमारे १०४ हर्ट्‌झचं अंतर असतं, म्हणजे १५.८ च्या कितीतरी पट, म्हणून आठ रेघांचा हिशेब चालतो. जुन्या ६० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात हेच अंतर १५.६ हर्ट्‌झ उरतं, जवळजवळ कपलिंगएवढंच. तेव्हा शेजाऱ्यांत एक जास्त हा नियम कोलमडतो, काही रेघा मध्यभागी सरकून उंच होतात, काही दिसेनाशा होतात, आणि पीक वाचता येत नाही. पाठ्यपुस्तकातले सुबक डब्लेट-क्वार्टेट शेजाऱ्यांच्या जागा एकमेकांपासून पुरेशा दूर असतील तेव्हाच मिळतात. कड्यावरच्या दोन ‘डब्लेट’नाही खरं तर हा नियम तंतोतंत लागू होत नाही, बारकाईने पाहिलं तर त्यांच्या पायथ्याशी चिमुकल्या जादा रेघा असतात.

आणि तिसरी जागा सगळ्यात फसवी, कारण तिथे यंत्र अगदी खरं बोलत असतं. तेल शुद्ध न करता बडीशेपेतून वाफेने काढलेलं तसंच तपासलं, तर इन्फ्रारेडमध्ये १७४० च्या जवळ कार्बोनिलचा पीक येऊ शकतो. तो ॲनेथॉलचा नव्हे, बडीशेपेच्या तेलात सोबत असणाऱ्या फेन्कोन नावाच्या कीटोनचा. कळायचं कसं? एनएमआरमध्ये एकाच्या आसपास मिथाइलच्या छोट्या रेघा निघतात आणि त्यांचं क्षेत्रफळ ॲनेथॉलच्या तुलनेत कुठल्याही पूर्ण आकड्यात बसत नाही. एकाच रेणूतले पीक पूर्णांकांच्या प्रमाणात असतात. अर्धवट आकडा म्हणजे दुसरा रेणू. बाटली उघडी, उजेडात बरेच दिवस पडून असेल, तर हवेतल्या ऑक्सिजनने ॲनेथॉलचा दुहेरी बंध तुटून ॲनिसाल्डिहाइड तयार झालेलं असतं. मग १६८५ च्या आसपास नवा कार्बोनिल दिसतो, आणि एनएमआरच्या कागदाच्या अगदी डाव्या टोकाला, ९.९ च्या जवळ, जिथे एरवी काहीच नसतं, तिथे अल्डिहाइडच्या एका हायड्रोजनाची बारीक रेघ उभी असते. तिच्या क्षेत्रफळाला ६.१० च्या पीकच्या क्षेत्रफळाने भागलं की तेलातल्या किती रेणूंचं काम बिघडलंय तेही कळतं, कारण दोन्ही पीक एकेका हायड्रोजनाचेच आहेत.